समन्वयक गप्प झाला तर?

एका बँकेने आपला डेटा तीन सर्व्हरांवर वाटून ठेवला आहे असे समजू. पैसे पाठवणाऱ्याचे खाते ‘क’ सर्व्हरवर आहे, घेणाऱ्याचे ‘ख’वर आणि बँकेची खतावणी ‘ग’वर. पाठवणाऱ्याच्या खात्यात ८०,००० रुपये आहेत आणि त्यातले ५०,००० त्याला पाठवायचे आहेत. म्हणजे एकाच व्यवहारासाठी तीन ठिकाणी नोंद बदलायला हवी. क’वर रक्कम वजा झाली आणि ख’वर जमा झालीच नाही, तर पैसे हवेत विरले. ख’वर जमा झाली आणि क’वर वजा झाली नाही, तर ते हवेतून निर्माण झाले. तिन्हीकडे बदल व्हावा किंवा एकाही ठिकाणी होऊ नये, एवढीच अट आहे. सर्व्हर मधेच बंद पडू शकतात हे एकदा मान्य केले, की ही अट पाळणे भलतेच अवघड होऊन बसते.

यावर सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे टू-फेज कमिट. तो १९७०च्या दशकात आकाराला आला आणि जिम ग्रे यांच्या १९७८ सालच्या टिपणांमुळे डेटाबेसच्या जगात रुळला. यात एक समन्वयक असतो. पहिल्या फेरीत तो तिघांना विचारतो, ‘तयार आहात का?’ क आपल्याकडची शिल्लक तपासतो, त्या खात्याच्या नोंदीला लॉक लावतो, काय बदल करायचा आहे ते आपल्या लॉगमध्ये डिस्कवर पक्के लिहितो आणि मग ‘हो’ म्हणतो. ख आणि ग हेच करतात. दुसऱ्या फेरीत, तिघांचे ‘हो’ हाती आले की समन्वयक ‘कमिट’ हा निर्णय आधी स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि मग सगळ्यांना कळवतो. एकानेही ‘नाही’ म्हटले, किंवा ठरलेल्या वेळेत कोणाचे उत्तरच आले नाही, तर निर्णय रद्दचा.

यातला सगळा भार त्या ‘हो’वर आहे. ‘हो’ म्हणेपर्यंत क स्वतंत्र असतो. कंटाळून, घाबरून किंवा डिस्क भरली म्हणून तो केव्हाही माघार घेऊ शकतो. एकदा ‘हो’ म्हटले की तो हक्क संपतो. त्याने शब्द दिलेला असतो की तुम्ही कमिट म्हणालात तर मी नक्की कमिट करेन, मधे वीज गेली तरी. आता निर्णय त्याच्या हातात नसतो आणि निर्णय येईपर्यंत त्या खात्याचे लॉकही त्याला सोडता येत नाही.

मग घात कुठे होतो ते पाहू. तिघांनीही ‘हो’ म्हटले. समन्वयकाने लॉगमध्ये ‘कमिट’ लिहिले, ग’ला निरोप पाठवला, ग’ने खतावणीत नोंद पक्की केली. एवढ्यात समन्वयक बंद पडला आणि ग’सुद्धा बंद पडला. दोघे एकाच रॅकमध्ये, एकाच वीजजोडणीवर असले तर असे होण्यात नवल काहीच नाही. आता क आणि ख जिवंत आहेत, एकमेकांशी बोलू शकतात, दोघांनी ‘हो’ म्हटलेले आहे. पण बाहेर काय ठरले हे दोघांनाही ठाऊक नाही. ग’ने ‘हो’ म्हटले होते की ‘नाही’, हेही त्यांना माहीत नाही, कारण मते फक्त समन्वयकाकडे जातात. त्यांनी कमिट केले आणि ग’चे उत्तर ‘नाही’ असले, तर हिशेब चुकला. त्यांनी रद्द केले आणि ग’ने आधीच कमिट केलेले असले, तरी हिशेब चुकला. एकच सुरक्षित गोष्ट त्यांच्या हातात उरते, ती म्हणजे थांबणे. समन्वयक किंवा ग परत उठेपर्यंत, मग त्याला दहा मिनिटे लागोत की दहा तास.

ग जिवंत असता तर त्याला विचारून काम भागले असते, आणि प्रत्यक्षातल्या प्रणाली तशी विचारपूस करतातही. पण ज्यांना निकाल माहीत आहे असे सगळेच एकदम गप्प झाले, तर उरलेल्यांनी आपसात कितीही चर्चा केली तरी तिच्यातून उत्तर निघत नाही. फक्त समन्वयक गेला आणि तिघेही सहभागी शाबूत राहिले, तरी हीच गत. तिघांनी एकमेकांना विचारले, तिघांचेही ‘हो’ निघाले, तरी समन्वयकाने कोणाच्या तरी मताची वाट पाहून आधीच रद्दचा निर्णय लिहिला होता की कमिटचा, आणि तो पैसे पाठवणाऱ्याला कळवलाही होता का, हे त्यांना उमगण्याचा मार्ग नाही.

ही अडचण केवळ पुस्तकातली नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पहिल्या फेरीतले ‘हो’ असे द्यावे लागते:

```sql
PREPARE TRANSACTION 'transfer_4711';
```

यानंतर तो व्यवहार कोणत्याही जोडणीचा राहत नाही. ज्या प्रोग्रामने तो सुरू केला तो मेला तरी व्यवहार राहतो, आणि अख्खा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी राहतो, लॉकसकट. तो सुटतो तो `COMMIT PREPARED` किंवा `ROLLBACK PREPARED` ही आज्ञा आल्यावरच. मधल्या काळात खातेदाराला आपली ८०,००० शिल्लक पडद्यावर दिसते, कारण पोस्टग्रेसमध्ये नुसते वाचण्याला अशा लॉकची आडकाठी नसते. पण त्या नोंदीत बदल करू पाहणारी प्रत्येक गोष्ट, मग ती एटीएममधून काढलेली रक्कम असो की विजेचे बिल, रांगेत अडकते. असा अडकलेला व्यवहार ओळखायचा तर डेटाबेस सांभाळणारा माणूस हे विचारतो:

```sql
SELECT gid, prepared, owner
FROM pg_prepared_xacts
ORDER BY prepared;
```

`prepared` या रकान्यात कालची किंवा परवाची वेळ दिसली, की समजायचे समन्वयक याला विसरला किंवा तो स्वतःच उरलेला नाही. असा व्यवहार फार काळ राहिला तर पोस्टग्रेसला जुन्या, निकामी झालेल्या नोंदींची सफाईही करता येत नाही, आणि टेबले फुगत जातात. म्हणूनच पोस्टग्रेसमध्ये `max_prepared_transactions` हे मूल्य मुळात शून्य ठेवलेले असते. ज्याला ही सोय हवी त्याने ती जाणीवपूर्वक चालू करायची. ऑरेकलमध्ये याच कामासाठी `DBA_2PC_PENDING` ही वेगळी यादी आहे, आणि माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर निकाल लावायचा असेल तर `COMMIT FORCE` अशी आज्ञा. माणसाचा अंदाज चुकला, की वर सांगितलेला हिशेबाचा घोळ झालाच.

या थांबण्यावर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेल स्कीन यांनी काम केले. १९८१ साली त्यांनी मांडलेला मुद्दा मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. तो असा: थांबावे लागते याचे खरे कारण समन्वयक मेला हे नाही. खरे कारण असे, की क ज्या अवस्थेत उभा आहे, त्याच वेळी दुसरा कोणी कमिट झालेला असू शकतो आणि दुसरा कोणी रद्द झालेलाही असू शकतो. ‘हो म्हटले आहे, निर्णयाची वाट पाहतो आहे’ या एकाच अवस्थेला दोन्ही शेवट चिकटलेले आहेत. कमिट आणि रद्द यांची सावली एकाच वेळी पडेल अशी अवस्थाच प्रोटोकॉलमध्ये ठेवली नाही, आणि सगळ्यांचा होकार कळलेला नसताना शेजाऱ्याने कमिट केलेले असण्याची शक्यता मिटवली, तर जिवंत राहिलेल्यांना थांबण्याचे कारण उरत नाही.

यातूनच थ्री-फेज कमिट जन्माला आले. पहिली फेरी तीच: विचारणा आणि मते. तिघांचे ‘हो’ आले की समन्वयक लगेच ‘कमिट’ म्हणत नाही. तो आधी ‘प्री-कमिट’ असा निरोप पाठवतो. त्याचा अर्थ एवढाच, की सगळ्यांनी होकार दिला आहे, आता कमिटच होणार आहे, पण अजून कोणी करू नये. प्रत्येक सहभागी हे आपल्या लॉगमध्ये लिहितो आणि पोच पाठवतो. जिवंत असलेल्या सगळ्यांच्या पोचा आल्यावरच तिसऱ्या फेरीत खरा ‘कमिट’ जातो.

या मधल्या फेरीत नवे काहीच ठरत नाही. मतदान झालेले आहे, निकाल लागलेला आहे. या फेरीचे काम निकाल लागल्याची बातमी सर्वांपर्यंत पोचवणे हे आहे, आणि ती पोचण्याआधी कोणीही मागे फिरता न येण्याजोगे पाऊल उचलू नये हे सांभाळणे. टू-फेज कमिटमध्ये एकाला बातमी कळण्याचा क्षण आणि त्याने पैसे हलवण्याचा क्षण एकच होता. इथे ते दोन वेगळे झाले.

आता तोच अपघात पुन्हा घडवू. समन्वयक आणि ग दोघेही बंद पडले. क आणि ख ठरलेला वेळ वाट पाहतात, आपल्यातून एकाला नवा प्रमुख निवडतात आणि एकमेकांच्या लॉगची तुलना करतात.

समजा दोघेही अजून ‘हो म्हटले, वाट पाहतो’ याच अवस्थेत आहेत. प्री-कमिट दोघांनाही मिळालेले नाही. मग ग’ने कमिट केलेले असणे शक्यच नाही, कारण क आणि ख यांच्या पोचा आल्याशिवाय समन्वयक कमिट पाठवणारच नव्हता, आणि त्या पोचा यांनी दिलेल्या नाहीत. ग’ला फार तर प्री-कमिट मिळाले असेल, पण तेवढ्याने खतावणी बदललेली नाही. म्हणून दोघे बिनधोक रद्द करतात, लॉक सोडतात आणि खातेदाराचे खाते मोकळे होते.

आता समजा दोघांपैकी एकाला, क’ला, प्री-कमिट मिळालेले आहे. म्हणजे तिघांनीही ‘हो’ म्हटले होते हे सिद्ध झाले. ज्या व्यवहाराला सगळ्यांचा होकार आहे आणि प्री-कमिट निघालेले आहे, तो कोणी रद्द केलेला असण्याची शक्यता नाही. म्हणून कमिट करणे सुरक्षित आहे. मघाशी ज्या ठिकाणी दोघे हतबल होते, त्याच ठिकाणी आता दोन्ही प्रसंगांत त्यांना उत्तर सापडते.

पण इथे एक बारीक सापळा आहे. वर्गात शिकवताना तो बहुधा गाळला जातो. क’ला प्री-कमिट मिळालेले आहे आणि ख’ला नाही. क नवा प्रमुख झाला. त्याने सरळ स्वतःकडे कमिट केले, आणि ख’ला निरोप पाठवण्याआधी तोही बंद पडला. आता ख एकटा उरला. तो स्वतःची अवस्था पाहतो, त्याच्याकडे प्री-कमिट नाही, म्हणून नियमाप्रमाणे रद्द करतो. क’वरून ५०,००० गेले आणि ख’वर आलेच नाहीत. म्हणून स्कीन यांनी नव्या प्रमुखाला घाई करायला मनाई केली आहे. त्याने आधी उरलेल्या सगळ्यांना स्वतःच्या पायरीवर आणायचे, म्हणजे इथे ख’ला प्री-कमिट द्यायचे, त्याची पोच घ्यायची, आणि मगच कमिट करायचे. प्रमुखावर प्रमुख मरत गेले तरी प्रत्येक नव्या प्रमुखाने हीच शिस्त पाळायची. ही पायरी गाळून कोणी थ्री-फेज कमिट लिहिले, तर चाचणीत ते उत्तम चालेल आणि दुसरा प्रमुख मरण्याच्या दिवशी फसेल.

मेलेला ग परत उठला की काय? तो आपल्या लॉगमध्ये प्री-कमिट पाहून स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, कारण तो बेशुद्ध असताना बाकीच्यांनी रद्द केलेले असू शकते, वरच्या पहिल्या प्रसंगात तसे झालेच. त्याला विचारावेच लागते. आणि तिघेही, समन्वयकासकट, एकदम बंद पडले तर थ्री-फेज कमिटलाही थांबावे लागते: सर्वांत शेवटी कोण मेला, म्हणजे सर्वांत ताजी माहिती कोणाकडे आहे, हे कळेपर्यंत. न थांबण्याचे वचन जिवंत राहिलेल्यांपुरतेच आहे.

या वचनाची किंमत प्रत्येक व्यवहाराला मोजावी लागते, अपघात होवो वा न होवो. टू-फेज कमिटमध्ये विचारणा, मत आणि निर्णय असे प्रत्येक सहभाग्यामागे तीन निरोप लागतात, शेवटची पोच धरली तर चार. थ्री-फेजमध्ये प्री-कमिट आणि त्याची पोच असे दोन आणखी वाढतात, आणि डिस्कवर पक्के लिहिण्याची एक खेपही. सर्व्हर एकाच इमारतीत असले तर हे खपून जाते. एक मुंबईत आणि दुसरा सिंगापुरात असला, तर प्रत्येक व्यवहारात एक पूर्ण जाणे-येणे वाढते आणि तेवढा वेळ लॉक जास्त धरून ठेवावे लागते.

तरीही केवळ किंमत हे थ्री-फेज कमिट मागे पडण्याचे मुख्य कारण नव्हे. ज्या गृहीतावर ते उभे आहे, ते गृहीतच खऱ्या नेटवर्कमध्ये टिकत नाही. ‘जिवंत असलेल्या सगळ्यांच्या पोचा’ असे मी वर लिहिले. पण कोण जिवंत आहे हे ठरवायचे कसे? ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही तर तो मेला, असे प्रोटोकॉल मानतो. उत्तर न येण्याचे दुसरे कारण असू शकते: तो धडधाकट आहे, पण मधली तार तुटली आहे.

तिसऱ्यांदा तोच व्यवहार घेऊ. तिघांनी ‘हो’ म्हटले. समन्वयकाने प्री-कमिट पाठवले, ते ग’ला मिळाले, आणि त्याच क्षणी एका स्विचमधल्या बिघाडाने नेटवर्कचे दोन तुकडे झाले. एका बाजूला समन्वयक आणि ग, दुसऱ्या बाजूला क आणि ख. कोणीही मेलेला नाही. समन्वयकाला क आणि ख यांच्या पोचा येत नाहीत, तो त्यांना मृत धरतो, हयात असलेल्या ग’ची पोच पुरेशी मानतो आणि कमिट पाठवतो. ग खतावणीत ५०,००० रुपये गेल्याची नोंद पक्की करतो. इकडे क आणि ख यांना समन्वयक आणि ग दिसत नाहीत, ते त्यांना मृत धरतात. दोघांकडेही प्री-कमिट नाही, म्हणून ते रद्द करतात. चौघांनीही नियम अक्षरशः पाळले, आणि खतावणी एक सांगते, खाती दुसरेच सांगतात. कुठल्याही सर्व्हरवर चुकीचा संदेश उमटत नाही. ही गफलत उघडकीस येते ती दिवसअखेरीला खतावणी आणि खात्यांचा ताळा घेतानाच.

तार तुटायलाही हवी असे नाही. जावामध्ये लिहिलेला सर्व्हर स्मृती साफ करताना काही सेकंद पूर्ण गोठू शकतो, आणि जागा झाल्यावर मधला काळ गेल्याचे त्याला जाणवतही नाही. टाइमआउट दोन सेकंदांचा असेल आणि ही झोप पाच सेकंदांची, तर बाकीचे त्याला मृत धरून पुढे गेलेले असतात. टाइमआउट वाढवला तर असे प्रसंग कमी होतात, पण मग तेवढा वेळ सगळे थांबतात, आणि थांबणे टाळण्यासाठीच तर ही तिसरी फेरी आणली होती.

स्कीन आणि त्यांचे गुरू मायकेल स्टोनब्रेकर यांना ही मर्यादा चांगली ठाऊक होती. १९८३च्या त्यांच्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की नेटवर्कचे तुकडे पडून निरोप हरवत असतील तर कधीच न थांबणारा आणि कधीच न चुकणारा असा प्रोटोकॉल असूच शकत नाही. स्कीन यांनी १९८२मध्येच थ्री-फेजची बहुमतावर चालणारी एक आवृत्तीही मांडली होती. तिच्यात निर्णयाला ठरावीक संख्या जमावी लागते, म्हणून दोन तुकडे उलट निर्णय घेऊ शकत नाहीत. पण ज्या तुकड्यात ती संख्या जमत नाही तो थांबतो, म्हणजे थांबणे परत आले, फक्त अल्पमताच्या वाट्याला. पुढे १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी याहून खोल निकाल छापला: निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल, तर एकच यंत्र बंद पडण्याची शक्यता असली तरी नक्की एकमतावर पोचण्याची खात्री देणारी पद्धत नसते.

त्यामुळे टू-फेज आणि थ्री-फेज यांतली निवड प्रत्यक्षात अशी होते: नेटवर्क बिघडले की पहिला थांबतो पण खोटे बोलत नाही, दुसरा पुढे जातो पण कधी कधी दोन ठिकाणी दोन उत्तरे देतो. पैशांच्या बाबतीत, माझ्या मते, पहिलाच बरा. अडकलेले खाते मोकळे करता येते. पण जमाखर्च फाटला आणि त्याच्यावर पुढचे शंभर व्यवहार झाले, की तो शिवणे फार कठीण जाते. बहुतेक डेटाबेस टू-फेजवरच राहिले, याचे कारण मला हेच दिसते.

मग समन्वयक मेल्यावर अडकण्याचे काय? त्याला वेगळ्या बाजूने उत्तर मिळाले. स्कीन यांनी समन्वयकाच्या मरणानंतर बाकीच्यांना शहाणे केले. पुढच्या पिढीने समन्वयक मरूच नये अशी व्यवस्था केली. गूगलच्या स्पॅनर डेटाबेसवरचा निबंध २०१२ साली आला. त्यात अनेक ठिकाणी पसरलेल्या व्यवहारांसाठी टू-फेज कमिटच आहे, पण समन्वयक आणि प्रत्येक सहभागी हा एकटा सर्व्हर नसून पॅक्सोसने एकमत राखणाऱ्या अनेक प्रतींचा गट आहे. एक प्रत मेली तर तिच्या जागी दुसरी उभी राहते, आणि निर्णय बहुमताच्या लॉगमध्ये असल्यामुळे तो हरवत नाही.

त्याच्याही आधी, २००६ साली, जिम ग्रे आणि लेस्ली लॅमपोर्ट यांनी पॅक्सोस कमिट छापले होते. थ्री-फेजच्या प्रकारांबद्दल त्या निबंधात त्यांची स्पष्ट तक्रार आहे, की नेमकी कोणती अट पाळायची ते सांगून ती पाळली जाते हे सिद्ध करणारी पूर्ण पद्धत त्यांतल्या एकाचीही त्यांना सापडली नाही. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक सहभाग्याचे ‘हो’ एकट्या समन्वयकाकडे न जाता अनेक साक्षीदारांकडे जाते. दोन साक्षीदार मेले तरी चालावे असे वाटत असेल तर पाच ठेवायचे, आणि पाचांपैकी तिघांना माहीत असलेला निकाल हाच निकाल. साक्षीदार एकच ठेवला, तर ही पद्धत जिम ग्रे यांच्याच जुन्या टू-फेज कमिटमध्ये रूपांतरित होते. पाचांपैकी तीन बंद पडले, तर पॅक्सोस कमिटही थांबते, आणि तिघांतला एक परत येईपर्यंत कोणाच्याही खात्यात चुकीची नोंद करत नाही.